‘नंतर या’ म्हटलं की गर्दी दुप्पट

१२ एप्रिल २०२५, शनिवार. भर दुपारी देशभर यूपीआय अडखळलं. कुणाचे पैसे नेहमीसारखे चुटकीसरशी जात होते, कुणाच्या स्क्रीनवर नुसतंच गोल फिरत होतं, तर कुणाच्या खात्यातून रक्कम वजा झाल्याचा मेसेज येऊनही दुकानदाराचा स्पीकर गप्प होता. यूपीआय धड बंदही नव्हतं आणि धड चालूही नव्हतं. या अर्धवट अवस्थेत माणूस जे करतो तेच सगळ्यांनी केलं, म्हणजे पुन्हा करून पाहिलं. पण त्या दिवशी जो खरा मारा झाला तो माणसांच्या बोटांनी केलेला नव्हता.

यूपीआयचा मधला दुवा मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे आहे. पैसे देणारी बँक आणि घेणारी बँक यांच्यातला प्रत्येक निरोप तिथून जातो. नंतरच्या तपासणीतून जे बाहेर आलं, त्यात दोष एका विशिष्ट विचारणेकडे गेला. तिचं नाव ‘चेक ट्रान्झॅक्शन’. एखाद्या व्यवहाराचं उत्तर वेळेत आलं नाही की बँकेची संगणकप्रणाली एनपीसीआयला विचारते, ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ त्या दिवशी बँकांकडून या विचारणांचा पूर आला होता. त्यातल्या काही तर जुन्या, होऊन गेलेल्या व्यवहारांबद्दल होत्या, आणि त्याही पुन्हा पुन्हा येत होत्या.

बँका असं का विचारतात, यालाही कारण आहे. बाकी कामांत उत्तर नाही आलं तर तीच विनंती पुन्हा पाठवता येते. पैशांच्या बाबतीत तसं केलं आणि पहिली विनंती मुकाट्याने पूर्ण झालेली असली, तर ग्राहकाचे पैसे दोनदा जातील. म्हणून बँक पैसे पुन्हा पाठवत नाही, स्थिती विचारते. हा सावधपणा अगदी योग्य आहे. घोळ होतो तो स्थिती विचारणाऱ्या प्रोग्रामला ‘किती वेळा’ आणि ‘किती वेळाने’ हे कुणी सांगितलेलं नसलं की.

संगणकक्षेत्रात या प्रकाराला ‘रिट्राय स्टॉर्म’ म्हणतात. वादळ यंत्रणेच्या आतून उठतं, आणि बिघाड छोटा असताना केलेली मदतीची धडपडच त्याला मोठं करते. यूपीआयच्या प्रसंगात निमित्त होतं न आलेल्या उत्तरांचं. पण उत्तर आलं, स्वच्छ शब्दांत आलं आणि ते नकाराचं होतं, तरीही वादळ उठतं. मला हा दुसरा प्रकार जास्त विचार करण्यासारखा वाटतो, कारण त्यात कुणालाही ‘कळलंच नाही’ असं म्हणायची सोय नसते.

आजचं कुठलंही ॲप एकट्याच्या जिवावर चालत नाही. नकाशा एकाकडून, ओटीपीचा एसएमएस दुसऱ्याकडून, पैसे घेणं तिसऱ्याकडून. या प्रत्येक सेवेचा दरवाजा म्हणजे एपीआय. दरवाजाच्या मालकाने एक मर्यादा ठरवलेली असते, की एका ग्राहक-कंपनीकडून सेकंदाला अमुक इतक्याच विनंत्या घेऊ. हीच ‘रेट लिमिट’. ती ओलांडली की पलीकडून असं उत्तर येतं:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 30
```

४२९ हा आकडा २०१२ मध्ये इंटरनेटच्या प्रमाणभूत नियमांत रीतसर दाखल झाला. पहिल्या ओळीचा अर्थ, तुमच्या विनंत्या फार झाल्या. दुसरी ओळ त्याहून महत्त्वाची आहे, पण ती पाठवलीच पाहिजे असं बंधन नाही. ‘३० सेकंदांनी या’ असं ती सांगते. म्हणजे हा बिघाड नव्हे. दरवाजामागचं यंत्र शाबूत आहे, ते विचारपूर्वक नाही म्हणतंय आणि कधी यायचं तेही सांगतंय. पण कितीतरी प्रोग्राम्समध्ये ‘उत्तर २०० नसेल तर पुन्हा प्रयत्न करा’ अशी एकच सरसकट अट लिहिलेली असते. तार तुटली असो, पलीकडचं यंत्र कोसळलं असो की कुणी सभ्यपणे थांबायला सांगितलं असो, प्रोग्रामच्या लेखी तिन्ही सारखंच.

यातून काय होतं ते आकड्यांतच पाहू. समजा, बसची तिकिटं विकणारं एक ॲप आहे. पैसे घेण्यासाठी ते एका पेमेंट सेवेचा एपीआय वापरतं आणि करारानुसार मर्यादा आहे सेकंदाला ३०० विनंत्यांची. एरवी २०० च्या आसपास लागतात. दिवाळीच्या आधीच्या एका संध्याकाळी, पुण्या-मुंबईहून गावी जायच्या गाड्यांचं आरक्षण खुलं होतं आणि मागणी सेकंदाला ३३० वर जाते. तीनशे विनंत्या पार पडतात, तिसांना ४२९ मिळतं. शंभरातले नऊजण नाराज, एवढंच नुकसान.

आता ॲपमध्ये सोय अशी, की नकार आला तर लगेच पुन्हा, असं आणखी तीनदा करून पाहायचं. म्हणजे एकूण चार प्रयत्न. पुढच्या सेकंदाला नव्या ३३० विनंत्यांसोबत मागच्या ३० परत येतात. दरवाजातून आत जातात तीनशेच, म्हणजे आता साठ परत. त्यापुढच्या सेकंदाला नव्वद. चार प्रयत्नांनंतर लोक गळायला लागतात, म्हणून ही वाढ कुठेतरी थांबते. गणित मांडलं तर ती थांबते सेकंदाला साधारण ६६५ विनंत्यांवर. मागणी दहा टक्क्यांनी जास्त होती, पण दरवाजावरची गर्दी मर्यादेच्या दुपटीहून वर गेली.

आणि एवढं करून मिळालं काय? दर सेकंदाला तिकीट मिळालेले ३०० आणि न मिळालेले ३०. रिट्राय नसता तरी हेच झालं असतं. ज्याला पहिल्या फटक्यात मिळालं असतं तो आता तिसऱ्या फटक्यात मिळवतो, कारण त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी दुसरा प्रयत्न आत शिरला. पुन्हा प्रयत्न केल्याने जागा वाढत नाहीत, फक्त क्रम बदलतो. चुकून हुकलेल्या विनंतीला रिट्रायचा फायदा होतो, क्षमतेपायी नाकारलेल्या विनंतीला होत नाही. हा फरक प्रोग्राम लिहिताना ध्यानात आला नाही, तर पुढचं सगळं ओघाने येतं.

कारण रिट्राय एकाच जागी नसतो. मोबाइलवरचं ॲप लिहिणाऱ्याने सावधगिरी म्हणून चार प्रयत्न ठेवले. मागचा सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमनेही, पहिल्याला न विचारता, चार ठेवले. आता एका प्रवाशाच्या एका टिचकीमागे चार गुणिले चार, म्हणजे सोळा प्रयत्न उभे राहतात. वरच्याच ३३० प्रवाशांसाठी गर्दी सेकंदाला २१५० च्या घरात जाते. मध्ये आणखी एक थर आला आणि त्यानेही चार धरले, तर एका टिचकीचे चौसष्ट प्रयत्न. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली छापलेल्या, सेवा चालू कशा ठेवाव्यात यावरच्या पुस्तकात नेमका हाच चौसष्टचा हिशेब आहे. प्रत्येक टीमला आपला आकडा माफक वाटतो. गुणाकार कुणाच्याच टेबलावर नसतो.

इथवर मी असं धरलं की नाही म्हणायला काहीच लागत नाही. पण लागतं. नकार देण्यासाठीही जोडणी उघडावी लागते, कोण आलंय ते ओळखावं लागतं, त्याचा हिशेब तपासावा लागतो. सोयीसाठी असं धरू, की दहा नकारांना एका यशस्वी विनंतीइतके कष्ट पडतात. आता आरक्षणाची गर्दी ओसरली आणि प्रवासी ३३० वरून २५० वर आले. हे तर मर्यादेच्या आत आहे, सगळं सुरळीत व्हायला हवं. पण यंत्रणा आधीच तुंबलेली असेल तर हे २५० जणही प्रत्येकी सोळा प्रयत्न करत असतात. त्यांच्या होतात ४००० विनंत्या. तेवढ्यांना नाही म्हणायलाच ४०० यशस्वी विनंत्यांइतकी ताकद हवी, आणि दरवाजाची ताकद आहे ३०० ची. सगळी शक्ती नकार वाटण्यात संपते, आत कुणीच जात नाही, आणि कुणी आत जात नाही म्हणून सगळे सोळाच्या सोळा प्रयत्न करत राहतात. मूळ कारण निघून गेलं, तरी बिघाड स्वतःच्या पायावर उभा आहे.

काही सेवांचा नियम याहून कडक असतो. नाकारलेली विनंतीसुद्धा त्या कोट्यात मोजतात. तिथे ४२९ मिळाल्यावर धडका मारणारा ग्राहक स्वतःचीच शिक्षा वाढवत असतो.

इकडे तिकिटांच्या कंपनीतही पडझड सुरू होते. पेमेंटच्या उत्तराची वाट पाहणारी प्रत्येक विनंती सर्व्हरमधला एक कामगार अडवून ठेवते. कामगार ठरावीकच असतात. ते सगळे एकाच दाराशी ताटकळत बसले, की वेळापत्रक पाहणं, तिकीट रद्द करणं, बस कुठवर आली ते विचारणं, अशी पेमेंटशी संबंध नसलेली कामंही गोठतात. शंभरातल्या नऊजणांची अडचण इथे सगळ्या शंभरांची होते.

हे कागदावरचं गणित वाटत असेल, तर २० सप्टेंबर २०१५ चा रविवार पाहा. ॲमेझॉनच्या क्लाउड व्यवसायातली डायनॅमोडीबी ही डेटा साठवण्याची सेवा त्या पहाटे अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियाच्या केंद्रात आजारी पडली. कंपनीने नंतर दिलेला खुलासा वाचनीय आहे. या सेवेतल्या साठवण-सर्व्हरांना आपल्याकडे कुठल्या डेटाची जबाबदारी आहे, याची यादी एका मध्यवर्ती सेवेकडून घ्यावी लागते. पॅसिफिक वेळेनुसार पहाटे २ वाजून १९ मिनिटांनी नेटवर्कमध्ये अगदी थोडा वेळ व्यत्यय आला आणि गेला. त्यानंतर बऱ्याच सर्व्हरांनी एकदम यादी मागितली. एका नव्या सुविधेमुळे गेल्या काही महिन्यांत या याद्या लांबल्या होत्या, त्यामुळे उत्तर द्यायला ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. मुदतीत यादी न मिळालेला सर्व्हर कामातून बाजूला होई आणि पुन्हा यादी मागे. त्या मागण्यांनी मध्यवर्ती सेवा आणखी मंदावे आणि आणखी सर्व्हर बाजूला होत.

अभियंत्यांनी साहजिकच मध्यवर्ती सेवेची क्षमता वाढवायला घेतली. पण ती इतकी गर्क होती, की क्षमता वाढवण्याच्या आज्ञाही आत पोहोचेनात. शेवटी ५ वाजून ६ मिनिटांनी त्यांनी त्या सेवेकडे जाणाऱ्या विनंत्याच थांबवल्या. मारा थांबल्यावर क्षमता वाढवता आली, मग हळूहळू विनंत्या सोडल्या, आणि सातनंतर सेवा पूर्वपदावर आली. मुळातला नेटवर्कचा व्यत्यय केव्हाच मिटलेला होता. तासन्‌तास जे चाललं होतं ते त्याचे पडसाद होते.

ड्यूटीवरच्या माणसाला हे ओळखायचं कसं? चुकांचा आलेख एकट्याने काही सांगत नाही, कारण तो कुठल्याही बिघाडात वर जातो. दोन रेषा शेजारी ठेवाव्या लागतात. एक, ग्राहकांनी खरोखर मागितलेल्या कामांची आणि दुसरी, त्यापायी बाहेर पाठवलेल्या विनंत्यांची. एका तिकिटामागे एरवी एक-सव्वा विनंती जात असेल आणि आता सहा-सात जात असतील, तर गर्दी आपलीच आहे. लॉगमध्ये एकच व्यवहार क्रमांक काही सेकंदांत पाच-सहा वेळा दिसतो. आणखी एक खूण नजरेत भरते. विनंत्यांचा आलेख करवतीच्या दातांसारखा होतो, ठरावीक अंतराने सुळका आणि मध्ये शांतता. सगळ्यांनी ‘३० सेकंदांनी या’ हे अगदी शिस्तीत पाळलं, की तिसाव्या सेकंदाला सगळे एकत्रच येतात!

यावरचा उपाय संगणकांच्या जगात जुना आहे. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत इथरनेट तयार झालं, तेव्हा एकाच तारेवर दोन यंत्रं एकदम बोलली तर काय, हा प्रश्न होता. उत्तर असं, की दोघांनीही थांबायचं, किती थांबायचं ते मनाशी चिठ्ठी टाकून ठरवायचं, आणि पुन्हा टक्कर झाली तर चिठ्ठीतल्या आकड्यांची मर्यादा दुप्पट करायची. ॲमेझॉनचे मार्क ब्रूकर यांनी २०१५ मध्ये हीच कल्पना एपीआयच्या संदर्भात आकडेमोड करून दाखवली. नुसतं अंतर दुप्पट करत गेल्याने घोळके मोडत नाहीत, थोडे लांब जातात एवढंच. घोळका मोडतो तो त्या चिठ्ठीमुळे. प्रोग्राममध्ये ती एका ओळीची गोष्ट आहे:

```
wait = random.uniform(0, min(60, 2 ** n))
```

`n` म्हणजे कितवा प्रयत्न, शून्यापासून मोजलेला. मर्यादा १, २, ४, ८ सेकंद अशी वाढत साठावर थांबते, आणि प्रत्येक जण शून्यापासून तिथपर्यंतचा कुठलातरी एक क्षण निवडतो. पलीकडून `Retry-After` आलं असेल तर आधी तेवढं थांबायचं आणि त्यावर ही चिठ्ठी.

बहुतेक लेखांत उपाय इथे संपतो, आणि माझ्या मते तिथेच फसगत होते. थांबून केलेला प्रयत्नही शेवटी प्रयत्नच. आपल्या उदाहरणात दर सेकंदाला नवे ३३० प्रवासी येतच आहेत. प्रत्येकाने मिनिटभर थांबून सोळा वेळा विचारलं, तर आजची गर्दी पुढच्या काही मिनिटांवर ढकलली जाते, घटत नाही. थांबण्याने सुळके सपाट होतात. बेरीज कमी करायची तर प्रयत्नांच्या संख्येवरच चाप हवा. गूगलच्या त्या पुस्तकात तो असा आहे: कुठल्याही ग्राहक-प्रणालीने एकूण विनंत्यांच्या १० टक्क्यांपर्यंतच रिट्राय करायचे, वरचे सरळ सोडून द्यायचे. म्हणजे ३३० ला वर ३३, एकूण ३६३. चांगल्या दिवशी तुरळक हुकलेल्या विनंत्यांना हा दहा टक्क्यांचा खर्च पुरून उरतो, आणि वाईट दिवशी गर्दी त्यापुढे जाऊच शकत नाही. सोबत एक पथ्य, की रिट्राय एकाच थराने करायचा. खालच्याने नकार ऐकला तर तो जसाच्या तसा वर पोचवायचा, मध्येच स्वतःचे चार प्रयत्न घुसडायचे नाहीत.

ऐन वादळात मात्र यातलं काहीच नव्याने बसवता येत नाही. मोबाइलवरचं ॲप तर हजारो खिशांत आहे, त्याची नवी आवृत्ती सगळीकडे पोचायला दिवस लागतात. तेव्हा उरतो तो ‘सर्किट ब्रेकर’. नकारांचं प्रमाण ठरावीक रेषेपलीकडे गेलं की सर्व्हर त्या दरवाजाकडे जाणंच बंद करतो आणि ग्राहकाला तत्काळ सांगतो, की आत्ता पैसे घेता येत नाहीत. थोड्या वेळाने एखाददुसरी विनंती सोडून अंदाज घेतो, जमलं तर प्रमाण हळूहळू वाढवतो. दार एकदम सताड उघडलं, तर बाहेर साचलेले सगळे एकदम आत घुसतात आणि पहिल्यापासून सुरुवात. काही मिनिटं कुणालाच तिकीट न देण्याचा हा निर्णय घेणं अवघड असतं, कारण अर्धवट चालणारी सेवा आपल्या हाताने बंद करायची म्हणजे वरिष्ठांच्या फोनला तोंड द्यावं लागतं. डायनॅमोडीबीच्या प्रसंगात २:१९ ते ५:०६ एवढा वेळ गेला.

यूपीआयमध्ये एप्रिलनंतर जे नियम आले, ते या चौकटीत ठेवून पाहिले की नीट कळतात. ‘चेक ट्रान्झॅक्शन’ची पहिली विचारणा व्यवहारानंतर किमान ९० सेकंदांनी करायची, असं एनपीसीआयने बँकांना बजावलं. पुढे यूपीआयच्या उत्तराच्या मुदतीच आवळल्या गेल्या, त्याबरोबर हे अंतर ४५ ते ६० सेकंदांवर आणायची मुभा मिळाली. एका व्यवहाराबद्दल जास्तीत जास्त तीन विचारणा, त्याही शक्यतो दोन तासांच्या आत. आणि ठरावीक त्रुटी-क्रमांक आले तर व्यवहार फसला असं धरायचं, विचारायचंच नाही. हे शेवटचं कलम म्हणजेच ‘नकार हे उत्तर माना’.

ऑगस्ट २०२५ पासून आपल्यालाही थेट जाणवणारे नियम लागू झाले. एका ॲपमधून दिवसाला ५० वेळाच खात्यातली शिल्लक पाहता येते आणि मोबाइल क्रमांकाला जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळाच मागवता येते. सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ या गर्दीच्या वेळा धरून, आपोआप होणारे ऑटोपेचे व्यवहार त्यांच्या बाहेर हलवले गेले. पन्नास वेळा शिल्लक पाहणारं कोण, असं सामान्य माणसाला वाटेल, आणि खरंच तसं फारसं कुणी नसेल. ही मर्यादा माणसापेक्षा ॲपसाठी आहे, कारण ॲप न विचारताच पार्श्वभूमीवर शिल्लक मागवत राहू शकतं.

त्याच परिपत्रकात बँकांना आणखी एक सूचना होती, तिची चर्चा कमी झाली. प्रत्येक यशस्वी व्यवहाराच्या उत्तरासोबतच खात्यातली उरलेली शिल्लक कळवायची. पैसे दिल्यावर ‘किती राहिले?’ हे पाहायला माणूस लगेच शिल्लक तपासतो, आणि ती एक वेगळी विनंती होते. उत्तर आधीच हातात पडलं, तर ती विनंती निघतच नाही.